घराच्या भिंतींसाठी कोणती वीट? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी परिसरातील घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे प्रामुख्याने तीस बाय चाळीसच्या साइटवर कॉलम-बीमच्या सांगाड्यात बांधल्या जाणाऱ्या एक किंवा दोन मजली घरासाठी लिहिली आहेत, कारण सध्या आपल्याकडे बहुतेक नवी घरे अशीच बांधली जातात. भाजलेली मातीची वीट, राखेची म्हणजे फ्लाय ॲशची वीट आणि एएसी म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांचा हलका सिमेंटी ब्लॉक या तिन्हींवर मी साइटवर काम केले आहे. तिन्हींची चांगली आणि वाईट कामे पाहिली आहेत, त्यात स्वतःच्या घरातले एक वाईट कामही आहे.

तिन्हींपैकी सर्वांत चांगली कोणती, हे एका वाक्यात सांगता येईल का?

येत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे बहुधा त्याच मालाचे गोदाम असते. निवड दोन गोष्टींवर ठरते. पहिली, भिंतीवर स्लॅबचे वजन येणार आहे की ते कॉलम-बीम पेलणार आहेत. दुसरी, त्या भिंतीवर पश्चिमेचा पाऊस किती आदळणार आहे. एकाच जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात भिंती आठवडेच्या आठवडे सुकत नाहीत आणि अथणीकडे पाण्याची वाट पाहावी लागते, म्हणून खानापूरच्या माणसाला दिलेला सल्ला अथणीच्या माणसाने जसाच्या तसा घेऊ नये.

आमचे घर कॉलम न घेता, भिंतींवरच स्लॅब टाकून बांधायचे आहे. मग काय घ्यावे?

मग चांगली भाजलेली मातीची वीट किंवा ताकद तपासून घेतलेली राखेची वीट घ्यावी आणि भिंत नऊ इंची ठेवावी. एएसी ब्लॉकवर भार देता येतच नाही असे नाही. परंतु त्यासाठी ब्लॉकची घनता, भिंतीची जाडी आणि काँक्रीटचे पट्टे यांचे स्वतंत्र डिझाइन लागते, आणि आपल्याकडच्या साध्या घराच्या कामात ते कोणी करत नाही. आयएस २१८५ भाग ३ या भारतीय मानकानुसार ५५१ ते ६५० किलो प्रति घनमीटर घनतेच्या पहिल्या प्रतीच्या ब्लॉकची दाबाला टिकण्याची ताकद चौरस मिलिमीटरला ४ न्यूटन एवढी असते. मातीच्या विटेच्या आयएस १०७७ मधील सर्वांत खालचा वर्ग ३.५ चा आहे. म्हणजे ताकदीत ब्लॉक गावठी विटेच्या फार मागे नाही. तो अडतो तो भार एका जागी आला, कोपरा कमकुवत राहिला किंवा कामात चूक झाली की.

एका विटेचा दर पाहून खर्चाची तुलना करता येते का?

येत नाही. तुलना भिंतीच्या चौरस फुटावर करावी. पहिल्या मजल्यावरची पश्चिमेची दहा फूट बाय दहा फुटांची, खिडकी नसलेली भिंत घेऊ. खालील हिशेबातील दर केवळ आकडेमोड दाखवण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. वाचकाने आपल्या गावचा आजचा भाव घालून हीच बेरीज पुन्हा करावी.

मातीच्या विटेच्या नऊ इंची भिंतीला फुटतूट धरून साधारण अकराशे विटा, पावणेतीन पोती सिमेंट आणि वीस घनफूट वाळू लागते. वीट ९ रुपये, सिमेंटचे पोते ४०० रुपये आणि वाळू घनफुटाला ६० रुपये धरली, तर विटांचे ९,९००, सिमेंटचे १,१०० आणि वाळूचे १,२०० मिळून १२,२०० रुपये होतात. राखेची वीट मापात सारखी असल्यामुळे सांधे पातळ बसतात आणि फुटतूटही कमी होते. साडेदहाशे विटा ८ रुपयांनी ८,४०० रुपयांच्या, अडीच पोती सिमेंट १,००० रुपयांचे आणि अठरा घनफूट वाळू सुमारे १,१०० रुपयांची, म्हणजे एकूण १०,५०० रुपये.

एएसीची भिंत आठ इंची धरू. मधल्या काँक्रीटच्या पट्ट्यांची जागा वजा केली, तर ६०० बाय २०० बाय २०० मिलिमीटरचे सुमारे पंचाहत्तर ब्लॉक लागतात. ते ९० रुपयांनी ६,७५० रुपयांचे होतात आणि चाळीस किलोचे दीड पोते चिकटमसाला सुमारे ६५० रुपयांचा, म्हणजे ७,४०० रुपये. विक्रेता हिशेब येथेच थांबवतो. प्रत्यक्षात त्या भिंतीत चार इंची काँक्रीटचे दोन आडवे पट्टे सळ्यांसह टाकावे लागतात, कॉलम-बीमच्या सांध्यांवर जाळी मारावी लागते, आणि हे सर्व धरले की त्याच भिंतीचा खर्च साडेनऊ हजारांपर्यंत जातो. राखेच्या विटेपेक्षा तो अजूनही कमी आहे. मात्र फरक जाहिरातीत दिसतो तेवढा उरत नाही. मजुरीचा दर अंगावर दिलेल्या कामात वेगळा ठरतो, म्हणून तो येथे धरलेला नाही. ब्लॉकचे काम विटेपेक्षा लवकर उरकते, हे मात्र खरे.

मग ब्लॉकची खरी बचत कशात होते?

वजनात. वरील भिंत मातीच्या किंवा राखेच्या विटेची असेल, तर तिचे वजन सुमारे चार टन भरते. ब्लॉकची असेल, तर पट्ट्यांसह दीड टनाच्या आसपास. एका भिंतीमागे अडीच टन, असे संपूर्ण घराचे वजन कमी होते आणि बीम, कॉलम व पाया यांतले लोखंड वाचू शकते. पण येथे बहुतेकजण फसतात. पायाचे डिझाइन विटेचे वजन धरून झाले, कॉलम उभे राहिले आणि त्यानंतर "ब्लॉक घेऊया" असे ठरले, तर लोखंड आधीच गाडले गेलेले असते आणि वाचत काहीच नाही. म्हणून ब्लॉक वापरायचा असेल, तर तो निर्णय पाया खणण्यापूर्वी होऊन अभियंत्याच्या नकाशावर लिहिलेला असला पाहिजे. काळ्या मातीच्या साइटवर, म्हणजे जेथे पाया मुळातच खोल आणि खर्चीक होतो तेथे, या बचतीला जास्त अर्थ आहे.

ब्लॉकचे घर थंड राहते म्हणतात. बेळगावात त्याचा किती उपयोग होतो?

विटेच्या तुलनेत ब्लॉकमधून उष्णता बरीच सावकाश आत येते, हे खरे आहे. परंतु बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे आणि येथे एप्रिलमध्येही रात्री हवा गार होते, त्यामुळे एवढ्यासाठीच ब्लॉक घ्यावा असे मी म्हणणार नाही. रायबाग, अथणी भागात पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना मात्र तो फरक हाताला जाणवतो. शिवाय वरच्या मजल्यावर मुख्य ऊष्मा स्लॅबमधून उतरतो, भिंतीतून नव्हे.

खानापूरच्या पावसात एएसी ब्लॉक टिकेल का?

टिकेल, पण चूक झाली तर माफ करणार नाही. ब्लॉकच्या पोटात लाखो बारीक छिद्रे असतात. गिलावा अखंड असेपर्यंत पाणी आत जात नाही. एकदा गिलाव्याला केसाएवढी भेग पडली, की झडीचे पाणी त्यातून ब्लॉकमध्ये शिरते आणि ब्लॉक ते सहजासहजी सोडत नाही. आतल्या बाजूच्या रंगाला सप्टेंबरमध्ये फोड येतात आणि घरमालक रंगवाल्याशी भांडतो.

खानापूर तालुक्यात पश्चिमेची भिंत उघड्यावर असेल आणि तिच्यावर छज्जाही नसेल, तर मी ती भिंत चांगल्या भाजलेल्या विटेची ठेवून बाकीच्या ब्लॉकच्या करण्याच्या बाजूचा आहे. संपूर्ण घर ब्लॉकचेच करायचे असेल, तर बाहेरचा गिलावा दोन थरांत करावा, खिडक्यांवर छज्जे आणि त्यांना खालून पाणी तोडणारी खाच ठेवावी, आणि जोत्यावर ओल रोखणारा थर झाल्याशिवाय ब्लॉकचा पहिला थर लावू नये. जमिनीखाली आणि जोत्यात ब्लॉक मुळीच नको. तेथे आपला जांभा दगड किंवा वीटच बरी. ज्यांच्या गावात चिरा स्वस्त मिळतो त्यांनी संपूर्ण घराचाच विचार चिऱ्याने का करू नये, हा वेगळा विषय आहे, पण तो मनात येतो खरा.

ब्लॉकच्या भिंतीला भेगा का पडतात आणि त्या टाळायच्या कशा?

मुख्य कारण ओलावा. कारखान्यातून ताजा आलेला ब्लॉक ओला असतो, आणि सुकताना तो किंचित आक्रसतो. भिंत लावून झाल्यावर तो सुकला, तर आक्रसण्याची ओढ सांध्यांवर आणि गिलाव्यावर येते. दुसरे कारण गवंड्याच्या सवयीत आहे. मातीची वीट लावण्यापूर्वी पाण्यात बुडवतात, नाहीतर ती मसाल्यातले पाणी पिऊन टाकते. त्याच सवयीने गवंडी ब्लॉकवरही पाइप सोडतो. ब्लॉक कधीही भिजवू नये, लावण्याच्या बाजूवरून ओला ब्रश फिरवणे पुरेसे असते. साइटवर थप्पी जमिनीपासून वर, फळ्यांवर रचावी आणि ताडपत्रीने झाकावी.

चिकटमसाला दोन ते तीन मिलिमीटरच असावा आणि तो दातेरी करणीने पसरावा. साध्या सिमेंट-वाळूच्या अर्ध्या इंची सांध्याने काम केले, तर ब्लॉक घेण्याचा अर्धा फायदा तेथेच गेला. दर तीन-साडेतीन फुटांवर दोन ८ मिलिमीटर सळ्यांचा काँक्रीट पट्टा टाकावा. खिडकीखालचा आणि खिडकीवरचा पट्टा त्यातच धरता येतो. बीमखाली शेवटचा थर घट्ट ठासू नये. सुमारे दहा मिलिमीटर फट ठेवावी आणि भिंत सुकल्यानंतर भरावी, कारण वरचा बीम भार आल्यावर थोडासा वाकतो आणि ठासलेल्या भिंतीवर बसतो. कॉलम आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना चार-चार इंच जाईल अशी जाळी गिलाव्यापूर्वी मारावी. गिलावा एकास तीनचा जाडजूड करण्याचा मोह टाळावा: तो ब्लॉकपेक्षा कडक होतो, जास्त आक्रसतो आणि जाळ्यासारखा तडकतो. एकास सहाचा पातळ गिलावा ब्लॉकशी जुळवून घेतो.

राखेच्या विटेला भेगा पडत नाहीत ना?

पडतात, आणि माझ्या घरी पडल्या. मे महिन्याच्या शेवटी पाऊस गाठण्याच्या घाईत मी वरच्या मजल्यासाठी राखेच्या विटा मागवल्या. विक्रेत्याने अठ्ठावीस दिवस पूर्ण झाल्याचे सांगितले. ट्रकमधून उतरवताना थप्पीच्या आतल्या विटा बाहेरच्यांपेक्षा गडद दिसत होत्या आणि हाताला गार लागत होत्या. ते मी पाहिले आणि काही बोललो नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात भिंती उभ्या राहिल्या, दिवाळीनंतर गिलावा झाला. पुढच्या मार्चमध्ये खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांपासून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी भेग दिसू लागली. त्या भेगेत एक रुपयाच्या नाण्याची कड शिरत होती, आणि बोटाने ठोकल्यावर आजूबाजूचा गिलावा पोकळ वाजत होता. विटा पाणी मारून पुरत्या पिकलेल्या नव्हत्या आणि सुकलेल्याही नव्हत्या. त्या भिंतीत जाऊन आक्रसल्या.

राखेची वीट भट्टीत भाजली जात नाही. राख, क्रशरची भुकटी आणि सिमेंट किंवा चुना-जिप्सम यांचे मिश्रण यंत्रात दाबतात, आणि त्या विटेला बळ येते ते पाण्याने होणाऱ्या रासायनिक क्रियेतून. त्यासाठी दोन ते तीन आठवडे तिच्यावर पाणी मारावे लागते आणि त्यानंतर ती सुकू द्यावी लागते. छोट्या कारखान्यात जागेची चणचण असते आणि घाई तेथेच होते. म्हणून विटा घेण्यापूर्वी कारखान्यात जाऊन पाणी मारण्याची व्यवस्था पाहावी, कोणत्या तारखेची थप्पी मिळणार ते विचारावे आणि शक्य असल्यास लावण्यापूर्वी महिनाभर आधी माल आपल्या साइटवर आणून कोरडा ठेवावा. राखेची वीट मातीच्या विटेसारखी तास-तास भिजवू नये. वरून हलके पाणी शिंपडून लावावी.

आधीच पडलेली भेग विटेमुळे आहे की पायामुळे, हे कसे ओळखावे?

सांध्यांतून पायऱ्यांसारखी उतरणारी आणि वरपासून खालपर्यंत साधारण एकाच रुंदीची भेग बहुधा आक्रसण्याची असते. बीमखाली सरळ आडवी किंवा कॉलमच्या कडेने उभी रेघ असेल, तर सांध्यावरची जाळी किंवा वरची फट राहिली आहे. पण भेग एका टोकाला रुंद होत गेली असेल, दारे अडकू लागली असतील आणि पावसाळा-उन्हाळ्यानुसार ती उघडझाप करत असेल, तर दोष काळ्या मातीतल्या पायाचा असू शकतो. तेथे वीट बदलून काही होणार नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून, त्यांच्यातले अंतर तारखेसह वहीत लिहून ठेवले आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजले, तर भेग वाढते आहे की थांबली आहे, ते कळते. थांबलेली भेग भरावी. वाढती भेग अभियंत्याला दाखवावी.

मातीची वीट पाहून घेताना काय पाहावे?

दोन विटा एकमेकींवर ठोकल्या, तर धातूसारखा खणखणीत आवाज यावा. वीट फोडली असता आतला रंग बाहेरच्यासारखा असावा. मध्यभागी काळपट आणि कच्चा गाभा दिसला, तर ती भट्टीच्या कडेची किंवा वरच्या थराची कमी भाजलेली वीट आहे. अशा विटा गाडीत मिसळून येतात, म्हणून तपासणीच्या विटा स्वतः गाडीच्या तीन-चार जागांवरून काढाव्यात. भट्टीवाल्याने पुढे केलेली वीट नेहमीच सुंदर असते.

पाणी शोषण घरीही मोजता येते. वीट चांगली वाळवून वजन करावे, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावी, पुसून पुन्हा वजन करावे. कोरडी वीट २.९ किलो आणि भिजलेली ३.४ किलो भरली, तर तिने अर्धा किलो म्हणजे सुमारे १७ टक्के पाणी घेतले. नेहमीच्या वर्गांच्या विटेसाठी मर्यादा वीस टक्क्यांची आहे. याच बादलीत आणखी एक गोष्ट दिसते. काही ठिकाणच्या मातीत चुनखडीचे खडे असतात. ते भट्टीत भाजून चुना होतात आणि पाणी लागले की फुगतात. भिजवलेल्या विटा दोन-तीन दिवस तशाच ठेवल्या आणि पृष्ठभागावर पांढऱ्या टिपक्याभोवती टवका उडालेला दिसला, तर तो माल परत करावा. हाच चुना गिलाव्यामागे फुगला, तर वर्षभर भिंतीवर छोटी फुले उमलत राहतात.

लोणा पाहायचा असेल, तर ताटलीत बोटभर पावसाचे पाणी घेऊन वीट त्यात उभी करावी, पाणी आटू द्यावे, पुन्हा तेवढेच पाणी घालून आटू द्यावे. अर्ध्याहून अधिक पृष्ठभाग पांढरा झाला, तर ती वीट नको. नळाचे किंवा बोअरचे पाणी येथे चालत नाही, कारण त्यातलेच क्षार विटेवर दिसतात.

विटा कधी घ्याव्यात?

मातीच्या विटा उन्हाळ्यात, पहिल्या वळवापूर्वी, कारण भट्ट्या पावसाळ्यात बंद असतात आणि जुलैमध्ये मिळतो तो उघड्यावर भिजलेला उरलासुरला साठा. ब्लॉक व राखेची वीट बारमाही मिळते, म्हणून ती ओलीच येण्याचा धोकाही बारमाही असतो.

एकाच घरात दोन प्रकार मिसळले तर चालतात का?

चालतात, मात्र एकाच सलग भिंतीत नको. कॉलम ते कॉलम एक प्रकार, पुढच्या गाळ्यात दुसरा, असे ठेवावे. म्हणजे दोहोंच्या वेगवेगळ्या आक्रसण्याला कॉलमजवळ जागा मिळते. अर्धी खोली विटेची आणि विटा संपल्या म्हणून वरचे चार थर ब्लॉकचे, असे काम मी पाहिले आहे. त्या घरात आज त्याच उंचीवर चारही भिंतींना रेघ आहे.

ब्लॉकच्या भिंतीवर गीझर, कपाटे आणि टीव्ही बसतात का?

बसतात, पण साध्या लाकडी गुट्टीवर नव्हे. हलक्या वस्तूंना ब्लॉकसाठीचा लांब नायलॉन प्लग पुरतो. भरलेला गीझर आणि स्वयंपाकघरातील वरची कपाटे यांची जागा आधीच ठरवून, तेथे आडवा काँक्रीट पट्टा येईल अशी उंची धरावी आणि खिळे त्या पट्ट्यात मारावेत. दाराच्या चौकटीच्या पकडीही ब्लॉकमध्ये न ठोकता, तेवढ्या जागी काँक्रीटचा ठोकळा भरून त्यात बसवाव्यात. विजेच्या पाइपसाठी चर छिन्नी-हातोडीने न खोदता यंत्राने कापावा. उभा चर भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नसावा आणि आडवा चर शक्यतो घेऊच नये. त्यामुळे वायरमनला गवंडी येण्यापूर्वी एकदा साइटवर बोलावून स्विचबोर्डांच्या जागा खडूने लिहून घेतलेल्या बऱ्या.